पहिल्यांदा आलेले, परत न आलेले

चष्मेवालीला तिच्याच पेजवरून काढलं, तेव्हा ती दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होती. गिऱ्हाईक तक्त्यावरची खालची ओळ वाचायला धडपडत होतं, तेवढ्यात तिने सहज फोन पाहिला. तुम्ही आता या पेजच्या अ‍ॅडमिन नाही, एवढंच लिहिलेलं. तिने ते पुन्हा वाचलं. मग गिऱ्हाइकाला तीच ओळ पुन्हा वाचायला सांगितली, मग आणखी एकदा. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मॅडम, माझं इतकं वाईट आहे का?"

"तुमचं नाही," ती म्हणाली आणि काच बदलली.

दुकान तिचं स्वतःचं. एका अरुंद रस्त्यावर, शिंप्याच्या आणि चाव्या बनवणाऱ्याच्या मधलं. ती डोळे तपासायची, काचा घासायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत त्याला जागचं हलू द्यायची नाही. जिभेला धार होती. आळीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत आणि तिलाही ते आवडायचं.

तिचा नवरा नकाशे काढायचा. एका सकाळी दात घासता घासता त्याच्या हातातून ब्रश गळून पडला, तोंड वाकडं झालं आणि शब्द गेले. पुढचे कितीतरी दिवस ती दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून होती. तिथे बसणारे सगळे एकमेकांना तेच विचारत: तुमचे बोलायला लागले का? गिळता येतं का? घरी नेल्यावर काय करायचं? डॉक्टर पाच मिनिटं भेटत, बाकीचा दिवस ह्या बाकावरच्या माणसांचा. त्यातूनच तिने फोनवर एक पेज सुरू केलं. नाव ठेवलं 'पुन्हा बोलूया'. लकवा झालेल्यांच्या घरच्यांनी यावं, विचारावं, ज्याला माहीत आहे त्याने सांगावं. बस, इतकंच.

दोन वर्षं ते असंच चाललं. मोठं नव्हतं, पण जिवंत होतं. मग सर आले.

सर लोकांना भाषण कसं करावं ते शिकवायचे. त्यांच्या आईला लकवा झाला होता. माणूस वाईट नव्हता. आईला स्वतः न्हाऊ घालायचा, हे चष्मेवालीनेही पाहिलं होतं. त्यांनी पेजसाठी चित्रं करून दिली, व्हिडिओ केले. तिने विश्वासाने त्यांनाही अ‍ॅडमिन केलं. हळूहळू पेजवर सुविचार येऊ लागले, मग सरांच्या व्याख्यानांच्या जाहिराती, मग सरांचेच फोटो. एकदा कुणीतरी हाताला लावायच्या तेलाची जाहिरात टाकली, तेव्हा तिने ती काढली आणि खाली लिहिलं, "ह्याने काही होत नाही, व्यायाम करा." तेलवाला सरांचा विद्यार्थी निघाला. सर फोनवर गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण लोकांना निराश नाही ना करायचं." आठवडाभरात तिला काढलं. विचारलं तर उत्तर आलं की तुम्ही दमला आहात, थोडी विश्रांती घ्या.

विश्रांती! तिच्या नवऱ्याला घास भरवताना तो शब्द तिच्या डोक्यात घण घालत राहिला. नवऱ्याला तेव्हा चारपाचच शब्द येत होते. तिने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने डाव्या हाताने ताट सरकवलं आणि म्हणाला, "नको." जेवण नको की राग नको, हे काही तिला कळलं नाही. तिने राग ठेवून घेतला.

वर्ष उलटलं. मग बातमी आली की दवाखान्याजवळचा एक ट्रस्ट लकवा झालेल्यांसाठी दिवसभराचं केंद्र काढतोय. व्यायामाची खोली, बोलायला शिकवणारी बाई, घरच्यांना बसायला जागा. तिथली सगळी व्यवस्था 'पुन्हा बोलूया'च्या माणसांकडे द्यायचा विचार आहे. ट्रस्टच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मेवालीलाही बैठकीला बोलावलं, कारण पेज मुळात कुणी सुरू केलं हे त्यांना आठवत होतं.

"म्हणजे केंद्राचा मालक तो होणार," चष्मेवाली धाकटीला म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची नणंद. ती चपला-बूट विकणाऱ्या एका कंपनीत काम करायची. घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का, एवढंच दिवसभर बघायचं, हे तिचं काम. ती हसत म्हणाली, "वहिनी, त्याचं पेज बघितलंस? एकेका पोस्टखाली चाळीस-चाळीस कमेंट. तुझ्या वेळी दहा असायच्या."

"तेच तर. बैठकीत तो तेच दाखवणार."

"किती कमेंट आल्या ह्याला अर्थ नाही गं. कोण आलं ते बघ. पहिल्यांदा आलेला माणूस पुन्हा आला का? दुकानात गर्दी तर सेल लावला की कुणाकडेही होते."

चष्मेवालीच्या डोळ्यांत जे चमकलं, ते पाहून धाकटी जरा दचकलीच. "वहिनी, मी हे तुझ्या भांडणासाठी नाही सांगत."

"मला कळतंय. पुढे सांग."

पुढचे रविवार दोघी चष्मेवालीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसल्या. नवरा खिडकीशी बसून लाकडी ठोकळे एकावर एक ठेवायचा. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलेला तो हाताचा व्यायाम. पेजवर सगळ्यांना दिसतं तेवढं त्यांनाही दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"पहिल्या पोस्टपासून घ्यावं लागेल," धाकटी म्हणाली. "मधूनच सुरू केलंस तर जुनी माणसंही नवी दिसतील. आणि वरचं बटण दाबून सगळ्या कमेंट दिसू देत. नाहीतर ते फक्त निवडक दाखवतात."

माणसागणिक एक ओळ. तो पहिल्यांदा कधी बोलला, नंतर पुन्हा कधी. नावं सारखी असली तर फोटो बघायचा. एकाच पोस्टखाली दहा वेळा बोललेला माणूस म्हणजे परत आलेला नव्हे. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पोस्टवर आला तर परत आला म्हणायचं. चष्मेवाली काच घासताना जशी एकाग्र व्हायची तशीच इथे झाली. फरक एवढाच की काच घासताना ती गुणगुणायची, इथे तिचे दात आवळलेले असायचे.

आधी तिची निराशा झाली. सरांच्या पेजवर परत येणारे भरपूर होते. महिन्यामागून महिने तीच माणसं, चिकाटीने.

"बघ, धडधाकट आहे," धाकटी म्हणाली.

चष्मेवालीने एकेक नाव वाचलं. तेलवाला. भाषणाच्या वर्गातले विद्यार्थी. सरांचा मेव्हणा. कमेंट काय, तर "वा सर", "प्रणाम सर", "खूप छान सर". वीस-बावीस माणसं, पुन्हा पुन्हा. त्यांच्या घरात लकवा झालेलं कुणी होतं की नाही, देव जाणे.

"हे परत येणारे नाहीत," ती म्हणाली. "हे गेलेच नाहीत कधी."

मग त्यांनी नव्यांकडे पाहिलं. तिच्या काळात महिन्याला पंधराएक नवी माणसं बोलायची आणि त्यातली निम्मी पुढच्या महिन्यात पुन्हा दिसायची. पहिल्यांदा विचारायला यायची, दुसऱ्यांदा काय झालं ते सांगायला, तिसऱ्यांदा कुणा नव्याला उत्तर द्यायला. सरांच्या काळात नवे दुपटीने यायचे, पण परत दिसायचे ते एखाददुसरे. एका महिन्यात तर दोनशेवर आले. तेव्हा सरांनी बक्षीस ठेवलं होतं, मित्राचं नाव लिहा आणि व्यायामाचं यंत्र जिंका. त्या दोनशेंतले परत आले चार.

"आणि गेल्या महिन्यात आलेल्यांतला तर एकही परत आला नाही!" चष्मेवालीने टेबलावर हात आपटला. खिडकीशी ठोकळे कोसळले. "हे सगळ्यात वर लिही. मोठ्या अक्षरात."

"ते नाही लिहायचं."

"का?"

"त्यांना परत यायला महिना तरी मिळू दे. अजून मुदतच संपली नाही त्यांची. तू त्यांना आत्ताच मेलेले धरतेस."

"त्याने मला विचारून काढलं होतं का?"

"त्याचं आणि ह्याचं काय? तू खोटं मांडलंस आणि डॉक्टरीणबाईंनी पकडलं, तर उरलेलं खरंही पाण्यात जाईल." धाकटीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि गेला महिना काढून टाकला. चष्मेवालीने दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, कारण काम उरलं होतं.

त्या कामातच तिला ती कमेंट सापडली. आठ महिन्यांपूर्वीची. एका बाईने विचारलं होतं, "ह्यांना पाणी पाजलं की ठसका लागतो, डोळे पांढरे होतात. काय करू? प्लीज कुणीतरी सांगा." त्याच्या वर आणि खाली सरांच्या सुविचाराला आलेले नमस्कार. तिला उत्तर एकानेही दिलं नव्हतं. तिची ती पहिली कमेंट आणि शेवटचीही.

चष्मेवालीने ती कमेंट पुन्हा वाचली. पाण्याचा ठसका म्हणजे काय, हे तिला नीट माहीत होतं. पाणी चुकीच्या नळीत जातं, छातीत साचतं, माणूस जातो. तिच्या वेळी असा प्रश्न आला असता तर दुपारच्या आत तीन उत्तरं आली असती.

तिने त्या बाईला मेसेज केला. कशा आहात, तुमच्या मिस्टरांचं कसं आहे? पाठवून झाल्यावर ती दुकानात शटर अर्धं ओढून बसली आणि वाट पाहू लागली. वाट पाहता पाहता तिच्या लक्षात आलं की आपण कशाची वाट पाहतोय. तो गेलेला असावा, असं तिला वाटत होतं. स्पष्ट वाटत होतं. तो गेला असेल तर बैठकीत सरांना तोंड वर करता येणार नाही. तिने मनातल्या मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

उत्तर संध्याकाळी आलं. "आता बरे आहेत हो ताई. दवाखान्यातल्या नर्सने पावडर घालून पाणी घट्ट करून पाजायला शिकवलं. मी त्या पेजवर विचारलं होतं, पण कुणी बोललं नाही. वाटलं, आपण काहीतरी वेड्यासारखं विचारलं. पुन्हा गेले नाही."

चष्मेवालीने ते वाचलं आणि तिला पहिल्यांदा जे वाटलं ती निराशा होती. मग तिला स्वतःची किळस आली. शटरच्या फटीतून रस्त्यावरचे पाय ये-जा करत होते. पण बैठकीला न जाण्याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही.

बैठक ट्रस्टच्या ऑफिसात होती. लांब टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, प्लास्टिकच्या खुर्च्या. सर नेहमीसारखे इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी पडद्यावर आकडे दाखवले. कमेंट चौपट झाल्या होत्या. आवाज असा की खुर्च्यांनीही मान डोलवावी.

मग चष्मेवाली उठली. तिने कागद वाटले नाहीत, पडद्यावर एकच चित्र लावलं. महिने आडवे. प्रत्येक महिन्यात पहिल्यांदा बोललेले किती, त्यातले पुढच्या महिन्यात परत आलेले किती, आणि जुने किती.

"सरांच्या कमेंट वाढल्या हे खरं आहे," ती म्हणाली. "पण त्या वाढवणारी माणसं ही वीस-बावीस. नवा माणूस येतो आणि जातो. हे पेज म्हणजे दवाखान्याबाहेरचा बाक आहे. बाकावर बसलेल्याशी कुणी बोललं नाही, तर तो उठून जातो."

डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "नुसतं वाचून जाणारेही असतील ना? त्यांना उपयोग होत असेल."

"असतील. ते ह्यात दिसत नाहीत."

"आणि तुमच्या वेळी नवे इतके कमी का होते?"

"मी कुणाला बोलावायला गेलेच नाही. जे विचारायचे त्यांनाच सांगायचे. ती माझी चूक."

सर हसले. "म्हणजे मॅडम, तुम्ही दार उघडलं नाही आणि मी उघडलं."

चष्मेवाली ह्याच क्षणासाठी थांबली होती. तिने ती आठ महिन्यांपूर्वीची कमेंट पडद्यावर आणली. बाईचं नाव झाकलेलं होतं. कुणी मोठ्याने वाचायची गरज नव्हती.

"दार उघडलंत," ती म्हणाली. "आत कुणी होतं का?"

सरांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "ह्यांचं... ह्या माणसाचं काय झालं?"

तिने क्षणभर उत्तर दिलं नाही. तो क्षण तिने मुद्दाम लांबवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते पोटभर पाहून घेतलं. मग म्हणाली, "जगले. आपल्यामुळे नाही."

ठरलं ते असं. केंद्राची व्यवस्था ट्रस्ट स्वतः बघेल. पेज चष्मेवाली आणि आणखी दोघांकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर राहू देत की सोबत. बोलतात चांगलं."

"नाही," चष्मेवाली म्हणाली. पुढे एक अक्षर बोलली नाही, त्यामुळे कुणाला वाद घालता आला नाही.

सरांनी त्याच दिवशी तिला पुन्हा अ‍ॅडमिन केलं आणि स्वतःहून बाहेर पडतो म्हणाले. ती म्हणाली, राहू दे, मी बघते. तिला ते स्वतःच्या हाताने करायचं होतं. सरांचं व्याख्यान कधी आहे ते तिने पेजवरच पाहिलं. ते मंचावर उभे राहून बोलायला लागले असतील, अशा वेळी दुकानात बसून तिने बटण दाबलं. फोन त्यांच्या खिशात थरथरला असेल, असं तिला वाटलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तोवर त्याला बरेच शब्द यायला लागले होते. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "झालं?"

"झालं."

"बरं वाटलं?"

"हो," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पेज नव्याने उभं राहायला वेळ लागला. "वा सर" म्हणणारे एकदम गळाले आणि कमेंट घसरल्या. त्या दोघांपैकी एक होता शेजारचा शिंपी. त्याच्या बायकोचा डावा हात गेला होता. दुसरी एक बँकेतली बाई. तिघांत ठरलेलं होतं की पहिल्यांदा बोलणाऱ्याला त्याच दिवशी कुणीतरी उत्तर द्यायचंच. नुसतं "काळजी घ्या" नव्हे, खरं उत्तर. दवाखान्याच्या भिंतीवर पेजचं नावही लावलं, म्हणजे दारही उघडं. काही महिन्यांत नव्यांपैकी तिसरा हिस्सा परत यायला लागला, मग त्याहून थोडे जास्त.

आणि एका सकाळी सर आले.

स्वतःच्या नावाने ते पेजवर कधी बोललेच नव्हते. जे काही बोलायचे ते पेजच्या नावाने. त्यामुळे हिशेबात ते पहिल्यांदा आलेले होते. त्यांनी लिहिलं होतं, "आई काल पलंगावरून उतरताना पडली. तेव्हापासून उजवा पाय टेकवत नाही, हात लावला की ओरडते. आज दाखवू की सूज उतरायची वाट पाहू?"

चष्मेवालीने ते वाचलं आणि फोन काउंटरवर पालथा ठेवला. एक काच घासायला घेतली. उत्तर तिला येत होतं. एका ओळीचं होतं. काच घासून झाली, फ्रेममध्ये बसवून झाली, तरी तिने फोन उचलला नाही.

धाकटीचा फोन आला. "वहिनी, पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग?"

"मग काय? त्या बाईला कुणी उत्तर दिलं होतं?"

"म्हातारीने तुझं काय केलंय?"

मग चष्मेवालीने फोन ठेवला, पेज उघडलं आणि एक शब्द लिहिला, "आजच". तो पाठवायचा की नाही ह्यात बोट अडकलेलं असतानाच खाली दुसरं उत्तर उमटलं. शेजारच्या दुकानातून. भिंतीपलीकडे शिलाई मशीन थांबलं होतं, हे तिला तेव्हा जाणवलं. शिंप्याने लिहिलं होतं, "वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. हाड मोडलेलं असू शकतं. उभं करू नका, चालवू नका, आडवंच न्या."

तिने आपला शब्द पुसून टाकला.

तीन दिवसांनी सर पुन्हा आले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आई ठीक आहे, शिंपीदादांचे आभार. पुढच्या महिन्यात ते आणखी एकदा दिसले, कुणा नव्या मुलीला वॉकर कसा धरायचा ते समजावून सांगताना. नीट सांगितलं होतं, सुविचार न घालता.

तोही महिना संपल्यावर दोघी आकडे काढायला बसल्या. "सर आले तो महिना बघ किती छान आहे," धाकटी म्हणाली. "नव्यांतले निम्मे परत आलेत."

"त्यातून त्याला वगळ."

"वगळता येत नाही वहिनी. तो आला, त्याला उत्तर मिळालं, तो परत आला. आपण दुसरं काय मोजतोय?"

चष्मेवालीने धाकटीच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि सरांच्या नावापुढे 'परत' असं स्वतः लिहिलं. अक्षरं जोरात दाबून.

सर अजूनही पेजवर येतात. लोकांना मदत करतात. तिला त्यांची मदत दिसते, महिन्याच्या आकड्यात ती बिनचूक धरते आणि कुणी विचारलं तर ते कामाचे आहेत हेही मान्य करते. मात्र त्यांच्या एकाही कमेंटला तिने आजवर उत्तर दिलेलं नाही. शिंप्याने एकदा विचारलं, किती दिवस चालणार हे? ती म्हणाली, "बघू," आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.